बाबा गेले, पण त्यांची एफडी कुठे आहे? गोव्यातल्या घरांसाठी थोडी कागदपत्रांची माहिती

आधी एक गोष्ट साफ करूया, कारण इथेच बहुतेक जणांची गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड येतो की रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, त्यात नाव घाला आणि बाबांचे सगळे विसरलेले पैसे बघा. मग आपण नाव घालतो, काहीच येत नाही, आणि आपण म्हणतो चला, बाबांचं काही नव्हतं म्हणजे. पण उद्गमवर फक्त तेच पैसे दिसतात ज्यांना कोणीही दहा वर्षं हात लावलेला नाही आणि जे बँकेने रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार फंडात जमा केलेत. बाबा २०२० साली गेले असतील आणि तोपर्यंत त्यांचं खातं चालू होतं, तर ते खातं तिथे दिसणारच नाही, ते अजून बँकेतच पडून आहे.

म्हणजे शोध दोन जागी करायचा असतो. दहा वर्षांच्या आतलं असेल तर ब्रँचमध्ये, आणि दहा वर्षांच्या पलीकडचं असेल तर उद्गमवर. एफडीचं मोजणं तिच्या मुदतीच्या तारखेपासून होतं, पैसे ठेवले त्या दिवसापासून नाही, हे लक्षात ठेवा. २००५ मध्ये ठेवलेली आणि २०१० मध्ये पिकलेली एफडी २०२० नंतरच फंडात जाते. त्या आधी मध्ये एक टप्पा असतो, सेव्हिंग्ज किंवा करंट खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर ते इनऑपरेटिव्ह होतं, पण पैसे बँकेकडेच असतात आणि सेव्हिंग्जवर व्याजही चालू राहतं.

दहा वर्षांच्या आतलं शोधायला घरातच खणावं लागतं. बाबांची जुनी इन्कम टॅक्सची रिटर्न्स असतील तर त्यात व्याजाचं उत्पन्न कुठल्या बँकेचं दाखवलंय ते बघा, टीडीएस कापला असेल तर टॅक्सच्या स्टेटमेंटमध्ये त्या बँकेचं नाव येतं. ज्येष्ठ नागरिक टीडीएस कापू नये म्हणून पंधरा-एच फॉर्म भरून द्यायचे, त्याची झेरॉक्स किंवा पोच बऱ्याच घरांत मिळते आणि तो फार चांगला धागा असतो. नाहीतर फाईलमध्ये, देवघराच्या कपाटात, आईच्या जुन्या साड्यांखाली, जिथे ज्यांच्या घरी ठेवायची सवय असेल तिथे. कोणी रिसीट टिनच्या डब्यात ठेवतं, कोणी पंचांगाच्या पानांत. पासबुकाच्या शेवटच्या पानावर एफडीचे नंबर पेनाने लिहून ठेवायची सवय जुन्या माणसांना असते, ती पानं सोडू नका.

आता उद्गम. पत्ता udgam.rbi.org.in एवढाच, गुगलवर शोधताना तसल्याच नावाच्या भलत्या साईटवर जाऊ नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हे सुरू झालं, आधी सात बँका होत्या आणि आता तीस आहेत, आणि फंडात गेलेल्या रकमेपैकी साधारण नव्वद टक्के रक्कम या तीस बँकांचीच आहे. रजिस्टर करायला तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर चालतो, ओटीपी येतो, बाबांचा नंबर बंद झाला म्हणून अडत नाही. मग बाबांचं नाव घालायचं, बँक निवडायची किंवा सगळ्या बँका निवडायच्या, आणि त्यासोबत पॅन, व्होटर आयडी, लायसन्स, पासपोर्ट नंबर किंवा जन्मतारीख यातलं काहीतरी द्यायचं. यातलं काहीच नसेल तर पत्त्यावरूनही शोधता येतं, आणि जुन्या खात्यांना पॅन जोडलेलाच नसायचा म्हणून खरं तर पत्त्याचा शोधच जास्त कामाला येतो.

आणि इथे आपल्या गोव्याचा खास घोळ सुरू होतो, नावांचा. पोर्तुगीज काळात जन्मलेल्या माणसाचं नाव रजिस्टरात एका पद्धतीने, शाळेत दुसऱ्या, आणि बँकेत तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं असतं. नाईकांचं NAIK पण असतं आणि NAIQUE पण, गावकरांचं GAUNCAR, GAONKAR, GAUNKAR, कामत म्हणजे कुठे KAMAT तर कुठे CAMOTIM, आणि प्रभू-परबांचं POROBO बघितलं की मुंबईच्या माणसाला ओळखच पटत नाही. शंकर हे XENCORA होऊन बसलेलं असतं. त्यात वडिलांचं नाव कधी मध्ये असतं कधी नसतं, पहिलं नाव कधी नुसत्या अक्षराने. एकाच स्पेलिंगने शोधून काही आलं नाही म्हणून थांबू नका, बाबांच्या जन्माच्या दाखल्यावरचं, शाळेच्या दाखल्यावरचं, घराच्या जुन्या कागदावरचं, अशी सगळी स्पेलिंगं एका कागदावर लिहून घ्या आणि एकेक करून घाला. पत्त्यातही तेच, फोंडा कधी PONDA, कधी वाड्याचं नाव, कधी नुसतं तालुक्याचं.

बँकेचं नावही बदललेलं असतं. गोव्यात एके काळी कॉर्पोरेशन बँक आणि सिंडिकेट बँक गल्लोगल्ली होत्या, आता त्या बँका नाहीतच. १ एप्रिल २०२० पासून सिंडिकेट कॅनरात गेली, कॉर्पोरेशन आणि आंध्रा बँक युनियन बँकेत गेल्या, त्या आधी २०१९ मध्ये विजया आणि देना बँक ऑफ बडोदात गेल्या. म्हणजे बाबांच्या हातात सिंडिकेटचं पासबुक असेल तर तुम्ही कॅनरात शोधायचं. पासबुकावर जुना खाते नंबर असतो तो बदललेला असेल, पण ब्रँचला जुन्यावरून नवा काढून मिळतो.

सापडलं की स्क्रीनवर नाव, पत्ता, बँक आणि UDRN म्हणून एक नंबर दिसतो. रक्कम दिसत नाही, ती बँकच सांगते. हा नंबर लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा, प्रिंट काढा, आणि थेट ब्रँचमध्ये जा. पैसे रिझर्व्ह बँकेत गेलेत म्हणून रिझर्व्ह बँकेत अर्ज करायचा नसतो. तुमचं सगळं त्या बँकेशीच, ती तुम्हाला पैसे देते आणि नंतर फंडातून आपले परत घेते. हे कधीकधी ब्रँचमधल्या नव्या पोरालाच माहीत नसतं आणि तो म्हणतो पैसे इथे नाहीत, आरबीआयला विचारा. तेव्हा शांतपणे UDRN चा कागद पुढे करायचा.

आता कागदांचं बघूया, आणि त्यासाठी एक घर धरूया. समजा फोंड्याला एक नाईक कुटुंब आहे. बाबा २०१० साली गेले. आई आहे, मुलगा मडगावला, लग्न झालेलं, मुलगी दुबईला, तिचंही लग्न झालेलं. उद्गमवर युनियन बँकेत NAIQUE स्पेलिंगने एक नोंद सापडली. ब्रँचने सांगितलं, कॉर्पोरेशन बँकेच्या काळातली एफडी, २००९ मध्ये पिकलेली, आणि फंडात साठ हजार रुपये गेलेत.

पहिला प्रश्न नॉमिनी आहे का. रिसीटवर तसं लिहिलेलं असू शकतं, नसलं तरी बँकेच्या रजिस्टरात असू शकतं, म्हणून रिसीटवर नाही म्हणून सोडून देऊ नका, रजिस्टर बघायला सांगा. नॉमिनेशनचा फॉर्म म्हणजे डीए-वन, त्याची पोच बाबांच्या फाईलमध्ये असली तर सोन्याहून पिवळं. नॉमिनी आई निघाली तर काम सोपं, क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि आईचं ओळखपत्र, एवढंच. बँक आणखी काही मागू लागली, वारसाचा दाखला आणा, बाकीच्या मुलांच्या सह्या आणा, तर ते नियमात बसत नाही. खातं जॉईंट आणि एनी वन ऑर सर्व्हायव्हर असलं तरी तसंच.

फक्त एक समजून घ्या. नॉमिनीला पैसे मिळतात म्हणजे ते त्याचे झाले असं नाही, तो वारसांच्या वतीने घेतो. आपल्याकडे तर हे जास्तच लागू आहे, कारण गोव्यात नवराबायकोची मालमत्ता लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर सामाईक असते. बाबांच्या साठ हजारांतले तीस हजार मुळातच आईचे, तिला ते वारसा म्हणून मिळत नाहीत, ते तिचेच आहेत. उरलेले तीस मुलांचे, मुलगा आणि मुलगी सारखे, पंधरा-पंधरा. आणि मुलामुलींची लग्नंही त्याच पद्धतीने झालेली असतील तर त्यांच्या वाट्यात सून आणि जावई पण आले. म्हणूनच गोव्यातल्या वारसाच्या कागदावर जावयाचं नाव असतं, आणि घाटावरचा मॅनेजर ते बघून म्हणतो, हे कशाला मध्ये?

आता समजा नॉमिनी नाही. इथेच लोक घाबरतात, कोणीतरी सांगतं कोर्टात जावं लागेल, कोणी सांगतं इन्व्हेंटरी घाला, म्हणजे वारसांच्या वाटणीचा कोर्टातला दावा. थांबा. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ ला मृत खातेदारांच्या क्लेमसाठी नवे नियम काढले, बँकांना ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायला सांगितले. त्यात नॉमिनी नसेल आणि त्या बँकेतली मिळून रक्कम १५ लाखांपर्यंत असेल, सहकारी बँक असेल तर ५ लाखांपर्यंत, तर साध्या पद्धतीने क्लेम द्यावा लागतो. बँकेने आपली मर्यादा याच्यापेक्षा वाढवली असेल तर चांगलंच. लागणारे कागद असे: क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, पैसे घेणाऱ्यांची ओळखपत्रं, पैसे घेणाऱ्यांनी सही केलेला इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणाचा हक्क निघाला तर नुकसान भरून देऊ अशी लेखी हमी, जे वारस पैसे घेत नाहीत त्यांचं ना हरकत पत्र, आणि वारस कोण याचा पुरावा. हा पुरावा म्हणजे सरकारी वारस दाखला किंवा कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या, बँकेला मान्य असलेल्या माणसाचं डिक्लेरेशन. दोन्ही नाही, एक. म्हणजे शेजारचे निवृत्त मास्तर किंवा बाबांचे ऑफिसातले सहकारी, ज्यांना घर माहीत आहे, ते लिहून देऊ शकतात की यांचे वारस एवढेच. आणि या मर्यादेच्या आत बाहेरचा जामीनदार आणा असं बँकेने म्हणायचं नाही, पूर्वी यातच माणसं हैराण व्हायची, कारण जामीनदाराची मिळकत बघायला मागायचे.

म्हणून माझं मत असं की साठ हजारांसाठी आधी सब-रजिस्ट्रारकडे धावू नका. गोव्यात वारस ठरवायचा नेहमीचा कागद म्हणजे डीड ऑफ सक्सेशन, ते सब-रजिस्ट्रार हाच स्पेशल नोटरी म्हणून करतो, २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली, तो कायदा लागू झाला २०१६ च्या डिसेंबरात. त्यात वारस कोण, अर्ध्या हिश्श्याची मालकीण कोण हे नोंदलं जातं, साक्षीदार लागतात, पेपरात नोटीस येते, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जातं. घर, जमीन आहे तर ते आज ना उद्या करावंच लागतं, आणि केलेलं असेल तर बँकेत खुशाल द्या, त्याच्याएवढा भक्कम पुरावा दुसरा नाही. पण फक्त एका छोट्या एफडीसाठी नव्याने करायच्या आधी ब्रँचला लेखी विचारा की तुमच्या मर्यादेच्या आत डिक्लेरेशन चालतं ना. रक्कम मर्यादेच्या वर असेल तर मात्र बँक डीड किंवा कोर्टाचा कागद मागू शकते, आणि भावाबहिणींत वाद असेल तर इन्व्हेंटरीशिवाय गत्यंतर नाही, वाद असला की रक्कम कितीही छोटी असो बँक हात आखडतेच.

आपल्या नाईक कुटुंबात ठरलं की पैसे आईनेच घ्यायचे. मग क्लेम फॉर्मवर आणि इंडेम्निटीवर आईची सही, मुलगा आणि मुलीचं ना हरकत पत्र, शेजाऱ्याचं डिक्लेरेशन. जावई आणि सुनेच्या सह्या बँकेच्या फॉर्ममध्ये असतातच असं नाही, पण गोव्यातली बँक मागू शकते, म्हणून एकदमच घेऊन ठेवा, नंतर परत फेरी नको. एक बारीक गोष्ट, ना हरकत पत्रात पैसे आईच्या हातात द्यायला हरकत नाही एवढंच आहे की हक्क सोडल्याचंही लिहिलंय, हे मुलांनी सही करायच्या आधी वाचून घ्यावं.

अडकलं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं नाव. मृत्यूच्या दाखल्यावर NAIK, रिसीटवर NAIQUE, बँक म्हणते हा माणूस तोच कशावरून. यासाठी ॲफिडेव्हिट करतात की ही दोन्ही नावं एकाच माणसाची, सोबत जन्माचा दाखला किंवा जुना कुठलाही कागद ज्यावर दुसरं स्पेलिंग आणि तोच पत्ता किंवा तेच आईवडील आहेत. नुसतं ॲफिडेव्हिट देऊन काम होतंच असं नाही, मागे आधार लागतो, म्हणून पोर्तुगीज काळातला जन्मदाखला काढून ठेवा. रिसीटच हरवलेली असेल तर तसं लिहून द्यायचं, ते इंडेम्निटीत घेतात, त्यावरून क्लेम अडवायचं कारण नाही.

दुसरं दुबईची मुलगी. तिची सही फोंड्यात होणार नाही, आणि कुरियरने आलेली साधी सही बँक घेत नाही. ती तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन त्यांच्यासमोर सही करते आणि त्यांचा शिक्का घेते. पोर्तुगाल किंवा इंग्लंडला असती तर तिथल्या नोटरीकडून करून अपोस्टिल करायचा, म्हणजे तो कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का घ्यायचा, मार्ग पण आहे. पुढेही कागद लागणार असतील तर एकदाच मडगावच्या भावाच्या नावाने पॉवर ऑफ ॲटर्नी करून घेतलेली बरी, पण त्यात बँकेच्या ठेवींचा क्लेम आणि ना हरकत देणे हे शब्द स्पष्ट असू दे, जमिनीच्या कामासाठी केलेली जुनी पॉवर बँक मानत नाही. पासपोर्टची कॉपी सोबत.

आता किती मिळणार. लोकांना वाटतं पंधरा वर्षं झाली, एफडी होती, दुप्पट-तिप्पट झाले असतील. तसं नाही. फंडात गेल्यानंतर साधं व्याज मिळतं, चक्रवाढ नाही, आणि दर रिझर्व्ह बँक ठरवते. १ जुलै २०१८ पासून साडेतीन टक्के होतं, ११ मे २०२१ पासून तीन टक्के. साठ हजार जर २०१९ च्या जूनअखेरीस फंडात गेले असतील, तर मे २०२१ पर्यंत जवळपास तीन हजार नऊशे, आणि त्यापुढची पाच वर्षं वर्षाला अठराशे म्हणजे नऊ हजार. मे २०२६ मध्ये हातात सुमारे बहात्तर हजार नऊशे. पिकल्यापासून फंडात जाईपर्यंतच्या मधल्या दहा वर्षांचं व्याज त्या साठ हजारात आधीच आलेलं असायला पाहिजे, त्याचा हिशेब ब्रँचकडून कागदावर मागून घ्या, बरेच जण मागतच नाहीत. करंट खातं असेल तर फंडात व्याज मुळीच नाही.

सहकारी बँकांचं जरा वेगळं. उद्गमवर मोठ्या बँका आहेत, आपल्या छोट्या अर्बन बँका सगळ्या नाहीत, पण प्रत्येक बँकेला आपल्या वेबसाईटवर दहा वर्षं पडलेल्या ठेवींची यादी ठेवावी लागते, तिथे शोधा किंवा ब्रँचमध्ये विचारा. म्हापसा अर्बनचं लायसन्स २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचं २०२१ मध्ये रद्द झालं, बाबांचे पैसे तिथे होते तर आता लिक्विडेटरकडे, म्हणजे बंद पडलेल्या बँकेचा हिशेब मिटवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, क्लेम लावायचा, आणि ठेव विम्याखाली एका माणसाला त्या एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत मिळतं. वाड्यावरची क्रेडिट सोसायटी ही बँकच नाही, तिचं काही उद्गमवर येत नाही, विमा पण नाही, तिथे सोसायटीत आणि नाही जमलं तर सहकारी संस्था निबंधकांकडे. पोस्टाचं पण वेगळं खातं, ते पोस्टातच.

क्लेमला उशीर झाला म्हणून पैसे बुडत नाहीत, फंडातून मागायला मुदत नाही. शोधायला किंवा क्लेम करायला बँक काही पैसे घेत नाही, म्हणून कोणी अमुक टक्के द्या आम्ही काढून देतो म्हणत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. उलट ब्रँचला दुर्लक्ष करण्याचं सध्या तरी कारण नाही, कारण असे जुने पैसे लोकांना परत दिले की ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत रिझर्व्ह बँक बँकेलाच बक्षिसी देते.

कागद देताना दोन प्रती करा, एकीवर तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा, कारण सगळे कागद पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने क्लेम मिटवायचा असतो आणि तो शिक्का नसला तर पंधरा दिवस कधी सुरू झाले हे तुम्ही दाखवू शकत नाही. बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते तो बँक रेट अधिक चार टक्के या दराने भरपाई द्यावी लागते, ती मागायची लाज वाटून घेऊ नका. एखादा कागद कमी आहे असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. तरी काही हललं नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, फुकट आहे, आणि तिथे तो शिक्का मारलेला कागद अपलोड करता येतो.